स्ट्रिपमध्ये गोळ्या किती? रुग्णालयाच्या ईआरपीचा पाया

(जळगावात छोट्या व मध्यम रुग्णालयांच्या चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, ईआरपी म्हटलं की आपण आधी बिलाचा स्क्रीन बघतो. माझं सांगणं आहे, आधी वस्तूंची मूळ यादी बघा. सॉफ्टवेअरवाले तिला आयटम मास्टर म्हणतात. बिल, औषधसाठा आणि खरेदी हे तिन्ही विभाग याच यादीतून वाचतात. त्यामुळे तिथली एक चूक तिन्ही ठिकाणी दिसते, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप घेऊन दिसते.

एक उदाहरण करून बघू. पँटोप्राझोलची गोळी घ्या. आपण मागवलेल्या ब्रँडच्या स्ट्रिपमध्ये 15 गोळ्या आहेत. छापील किंमत स्ट्रिपला 60 रुपये, खरेदीचा दर 30 रुपये. 100 स्ट्रिपांवर 10 फुकट अशी स्कीम आहे, म्हणजे 110 स्ट्रिपा आल्या, 1650 गोळ्या. पैसे 3000 रुपयेच गेले, तेव्हा गोळी साधारण 1.82 रुपयांना पडली. फुकट आलेला माल आवक नोंदीत वेगळ्या रकान्यात, पण त्याच बॅचखाली घ्यायचा. तो नोंदलाच नाही, तर नफ्याचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो.

आता यादी भरताना कुणीतरी सवयीने 'एक स्ट्रिप म्हणजे 10 गोळ्या' असं टाकलं. सिस्टीमच्या लेखी आल्या 1100 गोळ्या. वॉर्डात औषध गोळीवर दिलं जातं, म्हणून बिलात 60 भागिले 10, गोळीला 6 रुपये लागतात. खरे 4 हवे होते. रुग्णाकडून छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं गेलं. ही गोष्ट गंभीर आहे, आणि बिल खिडकीवरच्या माणसाला ती दिसतही नाही. औषधालयात 1100 गोळ्या गेल्यावर साठा शून्य दाखवतो, पण कपाटात 550 पडून असतात. मग 'वजा साठा चालेल' ही सोय कुणी चालू करतो, आणि चूक झाकली जाते. ती सोय बंदच ठेवा. तिसरीकडे खरेदी विभाग साठा संपला समजून नवी ऑर्डर टाकतो, आणि जुनी बॅच मागे राहून एक्सपायरीला येते.

ही चूक ओळखायची कशी? प्रत्यक्ष मोजणी करा आणि फरकाला आलेल्या स्ट्रिपांच्या संख्येने भागा. इथे 550 भागिले 110, बरोबर 5. फरक असा नेमका भागला गेला, तर आधी पॅकच्या आकड्यावर संशय घ्या. तसा भागला जात नसेल, तर बिलात न चढलेला वापर, न नोंदलेली परत किंवा गळती शोधा. चूक सापडली म्हणून जुन्या आयटमवर 10 चे 15 करू नका, कारण मागचे सगळे व्यवहार त्या आकड्यावर उभे आहेत. जुना आयटम बंद करा, नवा काढा, आणि मोजलेला साठा बॅच व एक्सपायरीसकट त्यात घ्या. कंपन्या मध्येच पॅक बदलतात, म्हणून गोळ्यांची संख्या बॅचवार ठेवता आली तर उत्तमच.

पॅक बरोबर असला की मागणीची पातळी काढणं सोपं आहे. रोज 60 गोळ्या लागतात आणि माल यायला 3 दिवस, म्हणजे 180. वर दोन दिवसांची राखीव 120. साठा 300 गोळ्यांवर, म्हणजे 20 स्ट्रिपांवर आला की सिस्टीमने सूचना द्यावी. जळगावातल्या रुग्णालयाला घाऊक औषधवाला गावातच आहे, त्याला कमी दिवस धरता येतील. धडगाव-अक्कलकुव्याकडे तसं धरून चालणार नाही, विशेषतः पावसाळ्यात. दिवस आपल्या गावाचे टाका, सॉफ्टवेअरवाल्याने भरून दिलेले नकोत.

यंत्रखरेदीत तर वेगळाच घोळ होतो. समजा, चार सिरिंज पंप घेतले. पुष्कळ ठिकाणी 'नग 4' अशी एकच ओळ चढते. मग एक पंप दुरुस्तीला गेला, तर वॉरंटी कुठल्याची होती ते सापडत नाही. चारही पंपांची नोंद आपापल्या सिरियल नंबराने, वेगवेगळी करा. वॉरंटी बसवल्याच्या दिवसापासून की बिलाच्या तारखेपासून, हे खरेदीच्या करारात वाचून तीच तारीख टाका. पंप ही मालमत्ता आहे, तो औषधसाठ्यात येत नाही. पण त्याला लागणारी 50 मिलीची सिरिंज आणि एक्स्टेन्शन लाइन साठ्यातच हव्यात, आणि बिलात लागणाऱ्या पंपाच्या शुल्काशी जोडलेल्या हव्यात.

ही जोडणी केली की रोज रात्री एक छोटा अहवाल काढता येतो: कुणाच्या बिलात पंपाचं शुल्क लागलं, पण सिरिंज एकही नाही? सिरिंज वॉर्डाच्या कपाटातून गेली आणि बिलात चढली नाही, किंवा पंप काढल्यावरही शुल्क चालूच राहिलं. सिस्टरांच्या नोंदवहीतली पंप लावल्या-काढल्याची वेळ पाहिली, की दोन्हींपैकी काय झालं ते कळतं. डिस्चार्जच्या दिवशी घाईत हे होत नाही, म्हणून ते रोज रात्रीच करा.