दीड पानाचं पत्र

मंडळी, एका लेखिकेला मी लिहिलेल्या पत्राबद्दल वाचनालयाने मला बोलायला सांगितलंय. पत्र दीड पानाचं, पण लिहायला दोन महिने लागले.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीत सासऱ्यांनी लावलेली रोठा सुपारीची चारशेवर झाडं होती. वारा पडल्यावर मोजली तर साठ उभी होती. सुपारी नव्याने लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्यात वरची सावली गेलेली, कोवळं रोप उन्हाने करपणार. म्हणजे आधी केळी लावा, त्यांच्या सावलीत सुपारी. एवढी वर्षं कशी काढायची, हे मला दिसेना.

वीज कित्येक आठवडे नव्हती. चिमणीच्या उजेडात मी त्या लेखिकेचं पुस्तक वाचलं. नवरा गेल्यावर शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईची ती स्वतःची हकिगत. त्यात एका पानावर ती सांगते, की रोज रात्री ती वहीत फक्त उद्याचा खर्च लिहायची, महिन्याचा नाही. दुसऱ्या दिवशी मी वही केली. ‘उद्या: विहिरीकडचे चार सोट तोडून बाजूला करणे.’ पान भरलं की झोपायचं. वर्षभर तसंच केलं.

पत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘आपली भाषा ओघवती आहे, पुस्तक हृदयाला भिडलं.’ नणंदेने वाचून विचारलं, “वहिनी, यात तुम्ही कुठे आहात? हे कुणीही कुणालाही लिहील.” मला ते लागलं, पण तिचं खरं होतं. मग मी सगळी स्तुती काढली. कुठलं पान, ते कुठल्या रात्री वाचलं आणि सकाळी उठून काय केलं, तेवढंच ठेवलं. वहीतल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवल्या. शेवटचं प्रकरण, जिथे सगळं सुरळीत होतं, ते मला त्या वर्षी वाचवलं नाही, हेही लिहिलं. ते वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा परत घातलं. ते काढलं असतं तर बाकीच्यावर तरी त्यांनी का विश्वास ठेवावा?

लेखिकेचा पत्ता नव्हता. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशकाचा पत्ता असतो, त्यावर ‘यांचेमार्फत’ लिहून पाठवलं. माझा पत्ता पाकिटावर लिहिला तसा पत्राखालीही लिहिला, कारण प्रकाशकाकडे पाकीट फोडलं की ते टाकून देतात. मागणं काही केलं नाही, उत्तराचंही नाही.

साडेतीन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. शेवटच्या प्रकरणाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘मलाही ते आता वाचवत नाही.’ आणि खाली विचारलं होतं, ‘केळी लागल्या का?’