वर्षाचं अपलोड, सोयाबीनच्या हिशोबानं

हे बघा, औसा तालुक्यातलं एक घर, भिंतीवर कॅलेंडर अन् त्यावर दोन रंगांच्या खुणा. लाल खुणा शेतीच्या, निळ्या व्हिडिओच्या. भाऊंचं शेतीचं चॅनल आहे. शूटिंग, एडिटिंग, सगळं एकटेच करतात.

कॅलेंडरवर आधी लाल खुणा झाल्या. पेरणीचे चार आठवडे, सोयाबीन काढणी अन् मळणीचे चार, उन्हाळ्यातल्या लग्नसराईचे दोन. या दहा आठवड्यांत मोबाईल खिशातच राहणार हे त्यांनी आधीच मान्य केलं, आणि मला वाटतं खरं प्लॅनिंग इथंच होतं. राहिले ४२ आठवडे. रोज रात्री जेवण झाल्यावर एक तास, म्हणजे आठवड्याला ७, म्हणजे वर्षाला २९४ तास.

आता वहीचं हे पान बघा. आधीच्या काही व्हिडिओंना खरंच किती वेळ लागला ते लिहून ठेवलंय. लिखाण २ तास, शूटिंग ३, एडिटिंग ६, थंबनेल-टायटल-अपलोड १. एका व्हिडिओला १२ तास. सगळे तास वापरले तर २४ व्हिडिओ बसतात, पण मग एक ताप आला की गाडी घसरलीच. म्हणून २० मोठे ठेवले आणि ४ सोपे, कमेंटमधल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, एका बैठकीत शूट करायचं, ५ तासांत काम संपतं. एकूण २६० तास झाले, ३४ हाताशी राहिले, अन् महिन्याला दोन व्हिडिओ ठरले.

अडचण पुढं आहे. पेरणीचा व्हिडिओ लोकांना मे महिन्यात पाहिजे, अन् पेरणी होते ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जून-जुलैत, तेव्हा शूट करून एडिट करेपर्यंत बघणाऱ्याचं सोयाबीन उगवून वर आलेलं असतं. मग भाऊ काय करतात, तर पेरणीत तिफणीमागं चालताना जमतील तसे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे घेऊन ठेवतात, फोल्डरला नाव देतात ‘पुढचा मे’. त्याच्यावरचं बोलणं हिवाळ्यातल्या रात्री रेकॉर्ड होतं. बियाण्याच्या उगवण चाचणीचं मात्र तसं नाही, ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळायचे, त्यातले ७० तरी उगवले पाहिजेत, हे घरात कधीबी शूट होतं.

लाल आठवड्यांतले व्हिडिओ आधीच अपलोड करून तारीख-वेळ लावून ठेवलेले असतात, सोपे चारही तिथंच वापरलेत. मे संपताना तीन तयार पाहिजेत, काढणीच्या आधी दोन.

याच्याआधी आठवड्याला दोनचं ठरवलं होतं तेव्हा चॅनल पेरणीतच बंद पडलेलं.

आता दर रविवारी एवढंच बघायचं, तयार व्हिडिओ किती शिल्लक आहेत. एकच उरला की पुढचा मोठा विषय मागं सारायचा अन् हाताशी ठेवलेल्या ३४ तासांतून एक जास्तीचा सोपा व्हिडिओ काढायचा, तारीख हलवायची नाही.