अन्नाची ॲलर्जी: शाळेने भिंतीवर लावायचा कागद
(शिक्षक आणि शाळेतील कर्मचाऱ्यांसमोर एका ॲलर्जीतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान, संपादित)

पालक शाळेच्या फॉर्मवर लिहून देतात, ‘शेंगदाणा चालत नाही’. शाळा ते फाइलला लावते आणि विषय संपतो. पण मुलगी नुसते शेंगदाणे कुठे खाते? ती साबुदाणा वडा खाते, कोशिंबीर खाते, भरली वांगी, ठेचा, चिक्की खाते. म्हणून माझ्या कागदावर पहिल्या चौकटीत घटकाखाली पदार्थांची नावं असतात. तिळाची ॲलर्जी असेल तर तिळगूळ सगळ्यांना आठवतो, पण गोड्या मसाल्यातही तीळ असतात हे लिहावंच लागतं. काजूचं तसंच, काजूकतली दिसते, पनीरच्या रश्श्यात वाटलेला काजू दिसत नाही. दूध, अंडं, गहू, कोळंबी, मासे यांचीही यादी याच पद्धतीने, आणि ती त्या मुलाच्या आईबरोबर बसून करायची. शाळेत येणारे वाढदिवसाचे केक आणि सहलीचा नाश्ता त्यात धरायचे.

आता उपवासाचा दिवस घ्या. दुसरीतली मुलगी, वजन २० किलो, शेंगदाण्याची ॲलर्जी, थोडा दमाही आहे. मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्यातला अर्धा वडा खाते. पाच मिनिटांत ओठ खाजतात, मानेवर गांधी उठतात. आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. नुसत्या गांधी असतील आणि बाकी मूल खेळतंय, बोलतंय, तर कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं ॲलर्जीचं औषध द्या आणि तिच्याजवळ बसून राहा. तिला एकटीला बाथरूमला पाठवू नका. पण ही मुलगी आता खोकायला लागते, आवाज घोगरा होतो, पुन्हा पुन्हा घसा खाकरते, मग उलटी होते. खाण्यानंतर काही मिनिटांत त्वचेबरोबर श्वास किंवा पोटही बिघडलं, म्हणजे ही तीव्र ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस. मूल अचानक मलूल पडलं, चक्कर आली, तर तेही त्यातच धरा. आणि काही मुलांच्या अंगावर एकही गांध उठत नाही. ॲलर्जीचा पदार्थ खाल्ल्यावर नुसता श्वास अडकला तरी थांबायचं नाही.

इथे एकच औषध कामाचं, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. गोळीने खाज कमी होते, पण घशाची सूज उतरत नाही आणि पडलेलं बीपी चढत नाही. दम्याचा पंप द्यायचा तर इंजेक्शननंतर, त्याच्याऐवजी नाही.

परदेशात मिळतं ते औषध आधीच भरलेलं इंजेक्शनचं तयार पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही. म्हणून शाळेतल्या औषधाच्या डब्यात ॲड्रेनॅलिनच्या १ मिलीच्या दोन अँप्यूल, १ मिलीच्या दोन सिरिंज आणि स्नायूपर्यंत पोचणाऱ्या इंचभर लांबीच्या सुया ठेवायच्या. एका मिलीत १ मिलिग्रॅम औषध असतं. डोस किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३. आपल्या मुलीला ०.२ मिली. हा आकडा डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा. घाबरलेल्या माणसाला गणित घालायचं नाही. इन्शुलिनची सिरिंज मात्र डब्यात नको. तिच्यावर मिली नसून युनिट असतात आणि तिची सुई चरबीतच अडकते. इंजेक्शन मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, सरळ आत. गरज पडली तर कपड्यावरून. हे करणारी दोन माणसं आधी ठरवा, पालकांची लेखी संमती घ्या. काचेची अँप्यूल फोडायला हात बसावा लागतो, म्हणून सराव डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलवर करतात.

क्रम असा: आधी इंजेक्शन, लगेच १०८, मग आई-बाबा. दोन माणसं असतील तर एकाने इंजेक्शन, दुसऱ्याने फोन. मी बहुतेक ठिकाणी हाच क्रम उलटा बघतो. मुख्याध्यापकांना विचारू, आईला विचारू, आई फोन उचलत नाही, आणि घशाची सूज वाढत राहते. मुलगी आडवी हवी, पाय थोडे वर. श्वास लागत असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर. उभी करू नका, ‘चल, ऑफिसात जाऊ’ म्हणून चालवू नका. बीपी पडलेलं असताना एकदम उभं राहिल्याने हृदयाकडे रक्त परतत नाही आणि मूल तिथल्या तिथे कोसळू शकतं. रुग्णवाहिकेपर्यंतही स्ट्रेचरवरच.

पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी अँप्यूल, तेवढाच डोस. उतार पडला तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही मुलांमध्ये काही तासांनी लक्षणं परत येतात. इंजेक्शनची वेळ आणि काय खाल्लं हे चिठ्ठीवर लिहून मुलीबरोबर पाठवा.

डबा कुलपात नको, फ्रीजमध्येही नको. उन्हापासून दूर, वर्गाजवळ, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. अँप्यूलवरची मुदत दर सत्राच्या सुरुवातीला बघा, आणि जूनमध्ये मुलीचं वजन पुन्हा करा. २० ची २५ किलो झाली तर कागदावरचा ०.२ आता ०.२५ करून डॉक्टरांकडून सही घ्यायची.