वीस रुपये की अर्धा टक्का?

(नाशिकमधील गुंतवणूकदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, दलालीचा प्रश्न मला बहुतेक वेळा असा विचारला जातो: "सर, मी महिन्यातून एकदाच शेअर घेतो, मग कुठला प्लॅन घेऊ?" यावर मी आधी उलट विचारतो, एका वेळी किती रुपयांचे घेता? कारण नुसतं 'किती वेळा' यावरून उत्तर निघत नाही.

पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो नेताना टेम्पोवाला खेपेचे पैसे घेतो. दहा क्रेट असोत की साठ, भाडं तेच. अडत मात्र विक्रीच्या रकमेवर शेकड्याने लागते. सपाट दलाली म्हणजे टेम्पोभाडं, टक्केवारीची दलाली म्हणजे अडत. दोन्ही कुठे सारख्या होतात ते काढायला एक भागाकार पुरतो. ऑर्डरला वीस रुपये आणि अर्धा टक्का अशी तुलना असेल, तर वीसला अर्ध्या टक्क्याने भागा, चार हजार येतात. त्याहून लहान ऑर्डरला टक्केवारी स्वस्त, मोठ्या ऑर्डरला सपाट दर स्वस्त. टक्केवारी ०.३ असेल तर ही रेषा साधारण ६,६६७ रुपयांवर सरकते.

आता सातपूरच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ धरू. पगार झाला की ते तीन हजारांचे शेअर डिलिव्हरीत घेतात, म्हणजे त्याच दिवशी न विकता डिमॅट खात्यात ठेवतात. अर्ध्या टक्क्याने दलाली पंधरा रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे. सपाट दराने २३ रुपये ६० पैसे. वर्षाला बारा खरेदी धरल्या तर २१२ रुपये विरुद्ध २८३. टक्केवारी जिंकली.

पण हेच गृहस्थ तीन महिन्यांचे पैसे साठवून नऊ हजारांची एकच ऑर्डर टाकू लागले, तर टक्केवारीचा खर्च वर्षाला तोच २१२ राहतो. सपाट दराचा मात्र चार वेळचा मिळून ९४ रुपये ४० पैशांवर येतो. माणूस तोच, वर्षाचे छत्तीस हजारही तेच. खेपा कमी केल्याचा फायदा सपाट दरातच मिळतो. आता त्यासाठी तीन महिने थांबावं का? वर्षाला सव्वाशेच्या आसपास रुपये वाचतात, तेवढ्यासाठी महिन्याची शिस्त मोडत असेल तर मोडू नका, असं माझं मत आहे.

दरपत्रकात एक बारीक ओळ असते, ती मात्र वाचाच. "वीस रुपये किंवा अर्धा टक्का, यातलं कमी असेल ते" असं लिहिलं असेल, तर आपल्या गृहस्थांना तीन हजारांवर पंधराच रुपये लागतील. त्यांचा प्रश्नच मिटला. टक्केवारीच्या प्लॅनमध्ये उलट ओळ सापडते: "किमान पंचवीस रुपये" किंवा "प्रति शेअर किमान पाच पैसे, यातलं जास्त असेल ते". आठ रुपयांचा शेअर तीन हजारांत ३७५ नग येतो. पाच पैशांनी १८ रुपये ७५ पैसे झाले. म्हणजे अर्धा टक्का फक्त जाहिरातीत राहिला.

आगाऊ पैसे भरून दर कमी करून घेण्याचे प्लॅनही विकले जातात. समजा हजार रुपये भरले की दर अर्ध्या टक्क्यावरून ०.२ वर येतो. वाचले ०.३ टक्के. हजार रुपये वसूल व्हायला वर्षात साधारण ३ लाख ३३ हजारांची उलाढाल हवी. छत्तीस हजारवाल्याचे त्यात १०८ रुपये वाचतात. फोनवरचा माणूस हे सांगत नाही, त्याचं टार्गेट वेगळं असतं.

वारंवार व्यवहार करणाऱ्याचं गणित सरळ आहे. महिन्याला पंचवीस हजारांच्या वीस डिलिव्हरी ऑर्डरी असतील, तर अर्ध्या टक्क्याने जीएसटीसह २,९५० रुपये, सपाट दराने ४७२. इथे विचार करायचं कारणच नाही. मात्र इंट्राडेची, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याची, टक्केवारी सहसा बरीच कमी ठेवलेली असते. ती ०.०५ असेल तर वीस रुपयांशी बरोबरी चाळीस हजारांवर होते, म्हणून तिथे भागाकार पुन्हा करा.

विकताना आणखी एक आकार लागतो, डीपी चार्ज. डिमॅट खात्यातून शेअर बाहेर गेले की, प्रत्येक कंपनीमागे, दर दिवशी एकदा. त्यामुळे तीस शेअर रोज दहा-दहा करून विकले तर तो तीनदा लागतो, एका दिवसात विकले तर एकदाच. सपाट दर असेल तर दलालीही तिप्पट. डिलिव्हरीवरचा ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, मात्र कुठल्याही प्लॅनमध्ये तोच, खरेदीलाही आणि विक्रीलाही. त्याची तुलना करण्यात वेळ घालवू नका.

घरी गेल्यावर मेलमधली शेवटची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेलं व्यवहाराचं बिल, उघडा. दलालीची रक्कम त्या ऑर्डरच्या एकूण किमतीने भागा, तुम्हाला खरोखर किती टक्के पडले ते कळेल. एका ऑर्डरचे तुकडे होऊन पाच ट्रेड दिसतील, पण ऑर्डर क्रमांक एकच असेल तर सपाट दर सहसा एकदाच लागतो. तीच ऑर्डर अर्धी राहिली आणि उरलेली तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, तर क्रमांक नवा आणि वीस रुपयेही नवे.