दोन लॅटिन सूत्रे आणि त्यांच्यामधली वाट
(पणजी येथे कायद्याचे विद्यार्थी आणि महसूल खात्यातील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासक्रमात लॅटिन सूत्रांचा जो धडा असतो, त्यात ‘नेमो ज्यूडेक्स इन कॉजा सुआ’ आणि ‘डेलिगेटस नॉन पोटेस्ट डेलिगारे’ ही दोन सूत्रे वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवली जातात. पहिले सांगते की स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश होऊ नये. दुसरे सांगते की ज्याला अधिकार सोपवलेला आहे, त्याने तो आणखी कोणाकडे सोपवू नये. परीक्षेपुरते हे वेगळे ठेवणे सोयीचे असते. कार्यालयात मात्र ती एकाच फाईलवर एकत्र येतात, कारण पहिल्या सूत्रामुळे अधिकाऱ्याला प्रकरणापासून दूर व्हावे लागते आणि दूर होताना प्रकरण कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवताना दुसरे सूत्र आडवे येते. आज मला या आडव्या येण्याविषयीच बोलायचे आहे.

पहिले सूत्र किती कडक आहे, हे 1852 च्या डाइम्स खटल्यात दिसते. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने हुकूम दिला होता आणि त्या कंपनीचे समभाग त्यांच्याकडे होते. त्यांचे मन यत्किंचितही कलले असेल असे कोणी मानत नव्हते, तसे न्यायपीठाने बोलूनही दाखवले, तरीही हुकूम रद्द झाला. पैशाचा संबंध आला की तो किती रुपयांचा आहे, हे कोणी विचारत नाही. नाते, मैत्री, वैर किंवा प्रकरणात आधीचा सहभाग असेल, तर मात्र एक कसोटी लावावी लागते. ती आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 च्या क्रायपाक खटल्यात फार नेमकेपणाने मांडली आहे.

भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर राज्याचा मुख्य वनसंरक्षक असावा, असे नियम सांगत होते. त्या पदावर हंगामी म्हणून काम करणारे अधिकारी स्वतःही उमेदवार होते. त्यांच्या स्वतःच्या नावाचा विचार झाला, तेव्हा ते बाहेर बसले. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची नावे चर्चेला आली, तेव्हा ते मंडळात होते आणि पसंतीक्रम लावतानाही होते. यादीत त्यांचे नाव आले आणि काही वरिष्ठ मंडळी वगळली गेली. सरकारचे म्हणणे असे की त्यांनी कोणावर दबाव आणलेला नाही, इतर सदस्यही तसेच सांगत आहेत, शिवाय अंतिम शिफारस लोकसेवा आयोगाची आहे. न्यायालयाने हे मान्य केले नाही. माणसाच्या मनात काय चालले होते, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की पक्षपात होण्याची वाजवी शक्यता होती का? स्वतःच्या नावाच्या वेळी उठून जाणे पुरेसे नव्हते, कारण स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे नाव खाली ढकलणे आणि आपले नाव वर नेणे या एकाच कृतीच्या दोन बाजू असतात. निवड रद्द झाली. याच निकालाने प्रशासकीय कृती आणि अर्धन्यायिक कृती यांच्यातील जुनी भिंतही बरीचशी पाडली. हा विषय मोठा असला, तरी आज तो मी बाजूला ठेवतो.

आता असा आक्षेप आला की अधिकाऱ्याचे ठरलेले उत्तर असते: ‘कायद्याने हे काम माझ्याकडेच दिले आहे, मी दुसरे काय करणार?’ यालाच अपरिहार्यतेचे तत्त्व म्हणतात. ते खरे असू शकते. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या 1985 च्या प्रकरणात काही उमेदवार आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक होते. आयोग ही संविधानाने निर्माण केलेली संस्था आहे, तिच्या सदस्यांची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही. त्यामुळे संबंधित सदस्याने आपल्या नातेवाइकाच्या मुलाखतीच्या वेळी बाहेर राहावे, एवढेच न्यायालयाने अपेक्षिले. क्रायपाकमध्ये जे अपुरे ठरले, ते इथे चालले, कारण इथे पर्यायी माणूस नव्हता. अपरिहार्यता सांगणाऱ्याला म्हणूनच एकच प्रश्न विचारावा: दुसरी वाट खरोखर नव्हती का?

या प्रश्नाचे सर्वांत बोधक उत्तर मला 2002 च्या ब्रेथवेट खटल्यात सापडते. कोलकात्याच्या या सरकारी कंपनीत एका कर्मचाऱ्याला चौकशीनंतर सेवेतून काढण्यात आले. तो आदेश शिस्तभंगविषयक अधिकारी म्हणून अध्यक्ष-तथा-व्यवस्थापकीय संचालकांचा होता. नियमांप्रमाणे अपील संचालक मंडळाकडे होते. कर्मचाऱ्याने अपील केले आणि मंडळाच्या ज्या बैठकीत ते फेटाळले गेले, तिचे अध्यक्षस्थान याच गृहस्थांनी भूषवले, चर्चेतही भाग घेतला. न्यायालयाने म्हटले की असे अपील सीझरच्या निर्णयाविरुद्ध सीझरकडेच दाद मागण्यासारखे आहे. कंपनीने अपरिहार्यता पुढे केली. तेव्हा न्यायालयाने कंपनीचीच नियमावली उघडली. तिच्यातील ‘मंडळ’ या शब्दाच्या व्याख्येत, मंडळाने आपले अधिकार ज्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे सोपवले असतील, त्यांचाही समावेश होता. म्हणजे अध्यक्षांना वगळून समिती नेमता आली असती आणि अपिलाचा अधिकार तिच्याकडे देता आला असता. वाट होती, पण कोणी त्या वाटेने गेले नाही. प्रकरण नव्याने निर्णय करण्यासाठी परत पाठवण्यात आले.

पहिल्या सूत्राच्या अडचणीतून सुटका अधिकार सोपवण्यात होती आणि ती सुटका शक्य होती, याचे कारण तशी स्पष्ट तरतूद लिहिलेली होती. ती नसती, तर दुसऱ्या सूत्राने दार बंद केले असते. ते दार कसे बंद होते, ते 1994 च्या सहानी सिल्क मिल्स खटल्यात पाहावे. कर्मचारी राज्य विमा कायद्यानुसार वर्गणी थकवणाऱ्या मालकाकडून नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार महामंडळाला होता. हा अधिकार आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे देण्याची मुभाही कायद्याने महामंडळाला दिली होती. महामंडळाने ठराव केला की हा अधिकार महासंचालक ‘किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अन्य अधिकारी’ वापरू शकेल. महासंचालकांनी प्रादेशिक संचालकांना प्राधिकृत केले आणि प्रादेशिक संचालकांनी भरपाई लावली. पहिली पायरी कायदेशीर होती. दुसऱ्या पायरीला कायद्यात आधार नव्हता, कारण कोणाला अधिकार द्यायचा, हे महामंडळाने स्वतः ठरवायचे होते. ते ठरवण्याचे काम महासंचालकांकडे ढकलता येत नव्हते. ठरावातील तेवढी शब्दरचना टिकली नाही. महामंडळाने प्रादेशिक संचालकांचे पद थेट ठरावातच लिहिले असते, तर हा दोष राहिलाच नसता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुसरे सूत्र ही कायद्यावर मात करणारी आज्ञा नाही. कायदा गप्प असेल, तर विधिमंडळाने ज्या अधिकाऱ्याचे नाव घेतले आहे, त्यानेच विवेक वापरावा असे गृहीत धरायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. कायद्याने उघड किंवा अपरिहार्य सूचकतेने मुभा दिली, की गृहीतक संपले. शिवाय सूत्र निर्णयाला लागू होते, निर्णयाआधीच्या प्रत्येक कामाला नाही. कोलकाता उच्च न्यायालयाच्या एका प्रबंधकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली सांगितले की मुख्य न्यायमूर्तींनी चौकशी दुसऱ्या न्यायाधीशाकडून करून घेतली, यात गैर काही नाही, कारण शिक्षेचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता. तसेच मंत्र्याच्या नावाने खात्याचा अधिकारी सही करतो, ते प्रत्यायोजन, म्हणजे अधिकार पुढे सोपवणे, नव्हे. कामकाजाच्या नियमांनुसार तो सरकारचाच निर्णय असतो. मात्र ते नियम पाळलेले असले पाहिजेत. उद्योगांना वीजदरात 25 टक्के सवलत देणाऱ्या आपल्या राज्याच्या 1996 मधील अधिसूचना 2010 साली सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत, त्या याच कारणाने. कामकाजाचे नियम डावलून, मंत्रिमंडळापुढे न जाता घेतलेला निर्णय हा सरकारचा निर्णय नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. गोव्यात कायदा शिकणाऱ्याने तो निकाल मुळातून वाचावा, असा माझा आग्रह असतो.

आता एक काल्पनिक, पण आपल्याकडे सहज घडू शकेल असे प्रकरण घेऊ. एका तालुक्यातील मामलतदारापुढे 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याखाली अर्ज आला आहे. अर्जदार म्हणतो की मी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा, आहे, माझी नोंद करा. ज्या भाटात त्याचे घर आहे, तिथला भाटकार म्हणजे जमीनमालक मामलतदाराचा मेव्हणा आहे. मामलतदार सज्जन आहे आणि अर्ज योग्य असल्यास मेव्हण्याविरुद्ध निकाल देण्याची त्याची तयारीही आहे. क्रायपाकच्या कसोटीवर ही तयारी गैरलागू ठरते. अर्जदाराच्या जागी बसलेल्या समंजस माणसाला पक्षपाताची वाजवी शक्यता दिसेल, एवढे पुरे आहे. त्याने सुनावणी घेऊ नये.

मग तो अव्वल कारकुनाला सांगतो, ‘तुम्हीच ऐका आणि आदेश तयार करा, मी सही करतो.’ ही सर्वांत वाईट वाट आहे, कारण इथे दोन्ही सूत्रे एकदम मोडतात. विवेक वापरला कारकुनाने, ज्याला कायद्याने तो दिलेला नाही. आणि सही केली त्याने, ज्याने या प्रकरणाला हात लावायला नको होता. तलाठ्याला घराची जागेवर पाहणी करून पंचनामा करायला सांगणे एरवी अगदी योग्य असते, कारण ते निर्णयाचे साहित्य आहे. तेवढ्याने इथे मात्र प्रश्न सुटत नाही, कारण त्या साहित्याचे वजन करणारा माणूस तोच राहतो.

त्याने काय करावे? प्रथम कायद्यातील ‘मामलतदार’ या शब्दाची व्याख्या काढावी. तिच्यात संयुक्त मामलतदार येत असेल, तर त्याच्याकडे प्रकरण जाणे हे प्रत्यायोजन ठरतच नाही. त्याला तो अधिकार थेट कायद्याकडून मिळालेला असतो. त्यानंतर प्रकरण एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे वर्ग करण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली कोणाकडे आहे, हे पाहावे आणि नाते फाईलवर स्पष्ट लिहून त्या वरिष्ठाकडे प्रस्ताव पाठवावा. स्वतःच्या मर्जीचा अधिकारी स्वतः निवडू नये. संशय मेव्हण्याबरोबर त्या निवडीपर्यंतही पोचतो.

अर्जदाराच्या वकिलालाही एक गोष्ट सांगायला हवी. नाते पहिल्या तारखेला माहीत असूनही गप्प बसायचे आणि निकाल विरुद्ध गेला की पक्षपाताचा मुद्दा काढायचा, हे चालत नाही. माणकलाल खटल्यात 1957 साली असेच घडले. चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराचे वकील म्हणून उभे राहिले होते. न्यायालयाने मान्य केले की त्यांनी तिथे बसायला नको होते. तरीही आक्षेप वेळेवर न घेतल्यामुळे तो सोडून दिला, असे मानले गेले. दुसऱ्या सूत्राला असा उपाय नाही. ज्याला अधिकारच नव्हता, त्याला पक्षकारांच्या संमतीने अधिकार मिळत नाही. म्हणून अव्वल कारकुनाने तयार केलेला आदेश दोन्ही वकिलांना मान्य असला, तरी तो अपिलात केव्हाही कोसळू शकतो. आणि फाईलवरची टिपणे मागवली, की ऐकले कोणी आणि ठरवले कोणी, हे बहुधा तिथल्या हस्ताक्षरांवरूनच कळते.