एका घराचे किती मायक्रॉन?

[मायक्रोस्कोपच्या आयपीसमधून दिसणारं वर्तुळ. मध्ये बारीक मोजपट्टी, तिच्याखाली लोकरीचा तंतू.]

ही पट्टी आयपीसच्या आत बसवलेल्या काचेच्या गोल चकतीवर कोरलेली आहे. तिच्यावर शंभर घरं आहेत आणि दर दहाव्या रेघेला आकडा आहे. १० एक्सवर तंतूची जाडी दोन घरं भरते. पण दोन घरं म्हणजे किती मायक्रॉन, ते पट्टीवर कुठेच लिहिलेलं नाही.

आता १० एक्सवरून ४० एक्सवर येऊ. तंतू चौपट रुंद झाला, आठ घरं भरू लागला; पट्टी मात्र तसूभरही बदलली नाही. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूजवळचं भिंग, मोठी करते ती तंतूची प्रतिमा; पट्टी तिच्या पुढे, आयपीसमध्ये आहे. म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला एका घराची किंमत वेगळी, आणि ती प्रत्येकासाठी काढावी लागते.

हिशेब करून ती काढण्याचा मोह होतो. पट्टी १० मिलिमीटरची, घरं शंभर, म्हणजे एक घर १०० मायक्रॉनचं. चाळिसाने भागलं की अडीच मायक्रॉन. हिशेब चोख आहे, पण ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला ४० हा आकडा ठोकळ असतो. खरी वाढ त्याहून थोडी कमी-जास्त निघते.

[स्टेजवर स्लाइड ठेवणारा हात.]

त्यासाठी ही स्लाइड, स्टेज मायक्रोमीटर. तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर सारखे भाग केलेले आहेत. प्रत्येक भाग १० मायक्रॉन. रेघांची बाजू वर आहे ना, हे ठेवतानाच पाहावं. मी एकदा ती उलटी ठेवली होती. १० एक्सवर रेघा व्यवस्थित दिसल्या, ४० एक्सवर काही केल्या येईनात, आणि भिंग काचेला टेकलं. ४० एक्सचं भिंग वस्तूच्या फार जवळ न्यावं लागतं. मध्ये एक मिलिमीटर जाड काच आली की तिथवर पोचणंच शक्य नाही.

सुरुवात आयपीसपासून करायची. त्याचं वरचं भिंग फिरवून आधी आतली पट्टी स्पष्ट करायची, मग स्लाइडवर फोकस. दोन्ही ठसठशीत दिसल्या की डोळा किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. रेघा एकमेकींवरून सरकत असतील, तर फोकस अजून नेमका झालेला नाही. तो जमला की आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर करायच्या आणि शून्याला शून्य जुळवायचं. ४० एक्सवर स्लाइडच्या रेघा जाडसर दिसतात, म्हणून डाव्या कडेला डावी कड जुळवायची आणि वाचतानाही तीच कड धरायची.

[दोन पट्ट्या एकमेकींवर. कॅमेरा हळूहळू उजवीकडे.]

आता शून्यापासून पुढे, रेघेवर रेघ पुन्हा कुठे येते ते शोधू. चौथ्या घराशी स्लाइडची पहिली रेघ जुळलेली वाटते. चार घरं, १० मायक्रॉन. म्हणजे पुन्हा अडीचच. इथेच थांबावंसं वाटतं. पण थोडं पुढे जाऊ. स्लाइडची पाचवी रेघ विसाव्या घराशी यायला हवी होती, ती एकोणीस आणि वीसच्या बरोबर मध्ये आहे. चौथ्या घराजवळचा फरक घराच्या जेमतेम दहाव्या भागाइतका होता आणि रेघेच्या जाडीत लपला होता. खरी जुळणी सापडते ती एकोणचाळिसाव्या घरावर, आणि पुन्हा अठ्ठ्याहत्तराव्यावर. तिथे स्लाइडची विसावी रेघ आहे.

७८ घरं म्हणजे २०० मायक्रॉन. एक घर २.५६ मायक्रॉनचं. या ऑब्जेक्टिव्हची खरी वाढ ४० नाही, ३९ पट आहे.

जुळणी जितकी लांबची, तितकं उत्तर भरवशाचं. वाचताना अर्ध्या घराची चूक झाली, तर चार घरांत ती साडेबारा टक्के होते. अठ्ठ्याहत्तर घरांत एक टक्क्याहूनही कमी.

[पुन्हा तंतू. पट्टी त्याला काटकोनात.]

हा तंतू आठ घरांचा, म्हणजे साडेवीस मायक्रॉन. अडीचने गुणलं असतं तर वीस आले असते. एका तंतूपुरता हा अर्ध्या मायक्रॉनचा फरक क्षुल्लक आहे, कारण कड नेमकी कुठे हे ठरवतानाच तेवढं इकडे-तिकडे होतं. पण शंभर तंतू मोजून सरासरी काढली, की वाचनातल्या चुका बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. घराच्या किमतीतली चूक मात्र खोडली जात नाही. ती शंभरही तंतूंना एकाच बाजूला ओढते. सरासरी ८.२ घरं आली, तर खरं उत्तर २१.० मायक्रॉन आणि अडीचने काढलेलं २०.५. आणखी हजार तंतू मोजले तरी हा फरक तसाच राहील.

[मायक्रोस्कोपच्या खांबावर चिकटवलेली चिठ्ठी.]

चिठ्ठीवर आयपीसचा क्रमांक, प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह आणि त्याची किंमत लिहिलेली आहे. हाच आयपीस शेजारच्या मायक्रोस्कोपमध्ये बसवला, तर तिथलं ४० एक्स कदाचित ४१ पट निघेल. त्या मायक्रोस्कोपसाठी स्लाइड पुन्हा स्टेजवर ठेवायची आणि शून्याला शून्य जुळवायचं.