काय सांगतेस काय!

नमस्कार श्रोतेहो.

एका मालिकेतला एक छोटा प्रसंग ऐका. एकाच ऑफिसात काम करणाऱ्या दोन मैत्रिणी जेवायला बसल्यात. डबा उघडता उघडता एक म्हणते, 'आज सकाळी राजीनामा दिला.' मालिका इंग्रजी आहे, तेव्हा दुसरी म्हणते, 'नो वे!' पहिली नुसती मान हलवते. दुसरी विचारते, 'सीरियसली?' मग क्षणभर थांबून म्हणते, 'यू आर किडिंग.' आणि पहिलीचं उत्तर येतं, 'आय ॲम नॉट किडिंग.' झाला प्रसंग.

हा प्रसंग मी आजच्या बोलण्यासाठी रचलाय. पण परदेशी मालिकांचे संवाद मराठीत आणणं हे माझं रोजचं काम आहे, कधी डबिंगसाठी, कधी सबटायटलसाठी, आणि असले प्रसंग रोजच समोर येतात. लांबलचक भाषणं एक वेळ सोपी जातात. जीव खातात ते हे दोन-दोन शब्दांचे उद्गार.

घाईत पहिला खर्डा कसा उतरतो, बघा. 'शक्य नाही!' 'खरोखर?' 'तू मस्करी करते आहेस.' 'मी मस्करी करत नाहीये.' यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर. आणि तरीही या दोघी मैत्रिणी वाटत नाहीत. 'शक्य नाही' म्हणणारी जणू एखादा अर्ज फेटाळतेय. 'तू मस्करी करते आहेस' हा तर सरळ आरोप झाला. इंग्रजीत ते वाक्य विधानासारखं दिसतं, पण मैत्रिणीच्या तोंडी त्यात आरोप नसतो. धक्का असतो आणि थोडी आशाही असते, की ही खोटं बोलत असली तर बरं. मराठीत ही आशा एका अक्षरात मावते. 'मस्करी करतेयस ना?' त्या 'ना'शिवाय वाक्याचं वजन दुप्पट होतं.

म्हणजे अर्थ जुळवून काम भागत नाही, जोर जुळवावा लागतो. आणि हा जोर मराठीत मोठ्या शब्दांत क्वचितच असतो. तो असतो च, ना, का, की काय अशा चिमुकल्या शब्दांत. 'खरं?' हे नुसतं हलकं कुतूहल. 'खरंच?' मध्ये खात्री करून घ्यायची असते. 'खरं की काय?' म्हणणारा दचकलेला असतो. 'खरंच की काय?' म्हणणाऱ्याला मात्र पटत चाललेलं असतं आणि म्हणूनच त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. शब्द तोच, 'खरं'. बाकी सगळं काम शेपटीनं केलं.

'काय सांगतेस!' ही तर या घराण्यातली थोरली. इंग्रजीतला 'नो वे' आनंदाचा असो, आश्चर्याचा असो, दहातल्या सात-आठ वेळा मला तीच उपयोगी पडते. कारण ऐकणाऱ्यानं बातमीवर विश्वास ठेवलेला असतो, फक्त ती पचायला त्याला एक क्षण हवा असतो. आणि जोर वाढवायचा झाला तर विशेषण लागत नाही, शेवटी आणखी एक 'काय' लागतं. 'काय सांगतेस काय!' हे दुसरं 'काय' काहीच विचारत नाही, नुसतं तापमान चढवतं. अनुवाद तपासताना मी पुष्कळदा एवढंच करते. एक 'काय' घालते किंवा एक काढते.

मग 'शक्यच नाही' कधी? जेव्हा माणूस खरोखर नाकारतो तेव्हा. 'माझा मुलगा चोरी करेल? शक्यच नाही.' इथे ऐकणाऱ्यानं बातमी स्वीकारलेलीच नाही. इंग्रजीत दोन्हीकडे 'नो वे' चालतं, आणि भरीला कुणी पैसे उसने मागितले तर द्यायला नकार देतानाही तोच चालतो. तिथे मराठीत 'मुळीच नाही' किंवा 'नाव नको काढूस'.

यातलं नेमकं कोणतं, हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. मी त्या उद्गाराकडे न बघता त्याच्या पुढच्या वाक्याकडे बघते. समोरचा 'हो ना!' म्हणत उत्साहानं पुढची हकिकत सांगू लागला, तर आधीचा उद्गार होता 'काय सांगतोस!' तो शपथेवर आला, पुरावा काढू लागला, तर आधी 'खोटं!' किंवा 'थापा मारू नकोस' होतं. आणि तो चिडला, दुखावला, तर आधीचं बोलणं खरोखरच आरोपाचं होतं. तिथे 'चेष्टा करतोस का माझी?' असंच यायला हवं, आणि त्यातलं 'माझी' गाळता येत नाही.

'सीरियसली'ची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त चुका दिसतात. समजा, आईनं आत्ताच फरशी पुसलीय. मुलगा फुटबॉल खेळून चिखलाच्या बुटांनी आत येतो. ती म्हणते, 'सीरियसली?' सबटायटलमध्ये येतं, 'खरंच?' आता या बाईला कसली खात्री करून घ्यायचीय? चिखल समोर दिसतोय. तिचा विश्वास बसत नाहीये तो मुलाच्या बेफिकिरीवर. मराठी आई इथे म्हणेल, 'कमाल आहे तुझी!' किंवा नुसतंच, 'अरे, काय हे!' 'खरंच?' वाचणाऱ्याला मात्र क्षणभर वाटतं, आपलं मधलं एखादं वाक्य वाचायचं राहिलं. उद्गार सत्याबद्दल आहे की वागण्याबद्दल, हे आधी ठरवायचं. वागण्याबद्दल असेल तर 'खरं' हा शब्द आसपासही नको.

आता पुण्या-मुंबईच्या घरांतून मुलं 'सीरियसली?' असंच म्हणतात, मग ते तसंच ठेवू नये का? एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी मी ते ठेवते. पण माझ्या कानावर ते जास्त करून वैतागात पडतं. आनंदाच्या बातमीला तीच मुलगी आपसूक 'काय सांगतेस!' म्हणते. म्हणून ठेवायचं तर चिखलाच्या बुटांपाशी ठेवावं, राजीनाम्यापाशी नको.

इंग्रजीला एक सोय आहे, जी आपल्याला नाही. त्यांचा 'यू' सगळ्यांना चालतो. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं: सांगतोस, सांगतेस की सांगता? नुसती लिखित संहिता हाती आली आणि चित्र मिळालं नाही, तर मी असल्या ओळी कोऱ्या सोडते. कारण नातं बदललं की जोरही बदलतो. मित्राला 'चल, फेकू नकोस' म्हटलं तर तो हसेल. तेच सासऱ्यांना म्हणता येत नाही, आणि 'फेकू नका' केल्यानं सुधारतही नाही. तिथे 'काय म्हणता!' लागतं, किंवा जरा सलगी असेल तर 'काहीतरीच काय, बाबा!' या 'काहीतरीच'लाही जपावं लागतं. कुणी रूपाचं कौतुक केल्यावर 'काहीतरीच तुमचं!' म्हटलं, तर तो लाजण्याचा उद्गार होतो, त्यात अविश्वास औषधालाही नसतो.

आणि एक जागा अशी आहे, जिथे यातलं काहीच चालत नाही. फोनवर कुणाच्या तरी जाण्याची बातमी येते. इंग्रजी पात्र म्हणतं, 'नो. यू आर किडिंग.' तिथे मस्करी, थट्टा, गंमत हे शब्द मराठी कानाला सहन होत नाहीत. आपल्याकडे माणूस खालच्या आवाजात म्हणतो, 'काय सांगता...' आणि लगेच, 'अहो, परवाच तर भेटले होते.' आपला अविश्वास तिथे पुराव्याच्या रूपात येतो. परवाच भेटले होते, सकाळीच फोन झाला होता, काल तर बाजारात दिसले. मूळ संहितेत अशी भेट असेल, तर मी हेच वाक्य वापरते. नसेल तर 'असं कसं झालं?' मूळ शब्दांपासून ते दूर आहे, हे मान्य. पण वजन तेवढंच भरतं.

आता परत आपल्या मैत्रिणींकडे. डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ आपल्या हाती नसतात. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, आणि चेहरा जवळून दाखवलेला असेल तर प्रेक्षकाला ते लगेच दिसतं. 'नो वे' म्हणताना ओठ गोल होतात, पण मिटत नाहीत. म्हणून 'काय म्हणतेस!' इथे नको, त्यात म आहे. 'काय सांगतेस!' मध्ये ओठ कुठेच मिटत नाहीत. बसलं. 'सीरियसली'साठी 'खरंच?' कमी पडतं, अक्षरं थोडी आणि पडद्यावरचं तोंड हलतच राहिलेलं. 'खरं की काय?' पुरतं, आणि या ठिकाणी ती दचकलेलीही आहे.

'यू आर किडिंग'ला मी आधी 'गंमत करतेयस ना?' लिहिलं. जोर नेमका होता. पण कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, आणि 'गंमत'मधल्या 'म'ला ओठ मिटणार. 'मस्करी'चीही तीच गत, आणि 'थापा'चीही. मग 'खोटं सांगतेस ना?' असं केलं. नुसतं 'खोटं सांगतेस' भांडणाचं झालं असतं, 'ना'नं ते मैत्रीत आणलं.

पण एवढ्यानं भागत नाही. प्रश्नातला शब्द बदलला की उत्तरालाही बदलावं लागतं. इंग्रजीत 'किडिंग'ला 'किडिंग'चंच उत्तर आहे. ती जोडी तुटली, तर दोघी एकमेकींशी बोलतायत असं वाटणारच नाही. म्हणून या ओळी सुट्या सुट्या कधीच करायच्या नसतात. विचारणारी 'खोटं' म्हणाली, तर उत्तरातही 'खोटं' हवं. शिवाय 'आय ॲम' म्हणताना पहिलीचे ओठ सुरुवातीलाच मिटतात. तेव्हा मला मिटणारं अक्षर आता वाक्याच्या सुरुवातीलाच हवं होतं.

लहानपणी गळ्याची कातडी चिमटीत धरून आम्ही 'गळ्याशप्पत' म्हणायचो. मोठेपणी चिमटी सुटली, गळाही गेला, 'शप्पत' तेवढी मैत्रिणींत राहिली. तिच्यात प आहे, अगदी पुढे. मग प्रसंग असा झाला:

'आज सकाळी राजीनामा दिला.'

'काय सांगतेस!'

ती मान हलवते.

'खरं की काय?' मग क्षणभर थांबून, 'खोटं सांगतेस ना?'

'शप्पत गं. खोटं नाही.'

नमस्कार.